अडवायचे नाही, वळवायचे

मेंदूतल्या हजारो चेतापेशी एकाच तालात काम करू लागल्या की डोक्याबाहेर एक अतिक्षीण चुंबकीय क्षेत्र उमटते. त्याची तीव्रता साधारण १०० फेम्टोटेस्ला असते. महाराष्ट्रात पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र ४० मायक्रोटेस्लाच्या आसपास आहे, म्हणजे मेंदूच्या क्षेत्राच्या सुमारे चाळीस कोटी पट. शिवाय शेजारून जाणारी मोटार, इमारतीतली लिफ्ट, दूरवरची लोकल हे सगळे त्या क्षेत्रात सतत चढउतार करत असतात. अशा गदारोळात मेंदूचे क्षेत्र मोजायचे, तर आधी बाहेरचे क्षेत्र दूर ठेवणारी खोली हवी. डेव्हिड कोहेन या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने १९६८ साली मेंदूचे क्षेत्र पहिल्यांदा नोंदवले, ते अशाच खोलीत. आज बंगळुरूच्या निम्हान्समध्येही मेंदूची अशी तपासणी होते.

या खोल्यांच्या भिंती एकसंध जाड नसतात. बर्लिनमधल्या जर्मन राष्ट्रीय मापनसंस्थेच्या खोलीला म्यू-मेटल नावाच्या मिश्रधातूचे एकात एक बसवलेले सात थर आहेत. एवढा महाग धातू वापरायचाच, तर एकच भक्कम भिंत का नाही उभारली? या प्रश्नाच्या उत्तरातच चुंबकीय कवचाचे सगळे मर्म आहे.

चुंबकीय क्षेत्र अडवता येत नाही, हे पहिल्यांदा समजून घ्यायला हवे. विद्युत क्षेत्राच्या रेषा धनभारावर सुरू होतात आणि ऋणभारावर संपतात. त्यामुळे तांब्याच्या पेटीवर बाहेरून विद्युत क्षेत्र आले, की पेटीतले भार सरकून पृष्ठभागावर जमतात आणि त्या रेषा तिथेच संपतात. पातळ पत्राही या कामाला पुरतो. चुंबकत्वात असे सुटे भार सापडलेले नाहीत. सुटा उत्तर ध्रुव किंवा सुटा दक्षिण ध्रुव नसल्याने चुंबकीय बलरेषेला संपायला जागाच नाही. ती कुठेही तुटत नाही, फिरून स्वतःला येऊन मिळते. म्हणूनच स्थिर चुंबकीय क्षेत्रापुढे तांबे, ॲल्युमिनियम किंवा शिसे यांची भिंत असून नसल्यासारखी असते.

मग एकच उपाय उरतो. शेतात घुसणारे पावसाचे पाणी शेतकरी बाजूने चर खणून वळवतो, तसा बलरेषांना कडेने जाण्याचा सोपा मार्ग करून द्यायचा. पदार्थातून बलरेषा किती सहज जातात याचे माप म्हणजे त्याची चुंबकीय पारगम्यता. हवेची पारगम्यता १ धरली, तर मऊ लोखंडाची काही शे ते काही हजार भरते. निकेल सुमारे तीन-चतुर्थांशाहून जास्त आणि बाकी मुख्यतः लोखंड असलेल्या म्यू-मेटलची २० हजार आणि त्याहूनही अधिक असते. अशा धातूचा पोकळ गोल क्षेत्रात ठेवला, की जवळून जाणाऱ्या रेषा त्याच्याकडे ओढल्या जातात. पृष्ठभागात शिरताच त्या जवळजवळ काटकोनात वळतात, भिंतीच्या आतून गोलाला वळसा घालतात आणि पलीकडच्या बाजूने बाहेर पडतात. एकही रेषा नष्ट होत नाही. उलट, गोल नसता तर तेवढ्या जागेतून जितक्या रेषा गेल्या असत्या, त्याच्या जवळपास तिप्पट आता त्याच्या भिंतीतून जातात. पोकळी मात्र बाजूला राहते.

पण ती पूर्णपणे रिकामी राहत नाही. मार्ग कितीही सोपा असला तरी भिंतीतून रेषा पुढे नेण्यासाठी थोडा चुंबकीय दाब लागतोच. धातूच्या आतल्या पृष्ठभागालगत हा दाब जितका असतो, तितकाच पृष्ठभागाला लागून असलेल्या पोकळीतही असावा लागतो, हा चुंबकत्वाचा नियम आहे. पोकळीत शिल्लक राहणारे क्षेत्र ते हेच. भिंतीत रेषांची दाटी जितकी जास्त तितका दाब जास्त, आणि पारगम्यता जितकी जास्त तितका दाब कमी. त्यामुळे आतले क्षेत्र कमी करायचे असेल, तर भिंतीतली दाटी कमी करायला हवी किंवा अधिक चांगला धातू वापरायला हवा.

गोलासाठी हे गणित नेमके सोडवता येते. समजा, आतून २० सेंटिमीटर व्यासाचा म्यू-मेटलचा गोल आहे, पारगम्यता २० हजार आहे आणि बाहेर ४० मायक्रोटेस्लाचे क्षेत्र आहे. भिंत १ मिलिमीटर जाड असेल तर आतले क्षेत्र बाहेरच्यापेक्षा सुमारे १३० पट कमी होते. भिंत १ सेंटिमीटरची केली तर सुमारे १,१०० पट. इथवर जाडी दहापट आणि फायदा साडेआठपट, म्हणजे सौदा बरा आहे. आता जाडी आणखी दहापट वाढवून भिंत १० सेंटिमीटरची करू. फायदा मिळतो सुमारे ३,९०० पट, म्हणजे आधीच्या जेमतेम साडेतीनपट. धातूचे वजन मात्र १२ किलोवरून २५५ किलोवर जाते. त्यापुढे कितीही धातू ओतला तरी या पोकळीचे संरक्षण साडेचार हजार पटीच्या आतच राहते. पारगम्यतेचा दोन-नवमांश ही एका भिंतीच्या गोलाची कमाल मर्यादा आहे.

जाडी अशी निष्प्रभ का होते? भिंत बाहेरच्या बाजूने वाढवली की रेषांना जागा जास्त मिळते, हे खरे. पण त्याच वेळी गोलही मोठा होतो आणि आजूबाजूच्या आणखी रेषा स्वतःकडे ओढून घेतो. पातळ भिंतीला जाडी मिळते तेव्हा जागेची वाढ पाहुण्या रेषांच्या वाढीपेक्षा खूप जास्त असते, म्हणून दाटी झपाट्याने उतरते. भिंत पोकळीइतकी जाड झाली की दोन्ही वाढी एकमेकींना गाठतात. मग धातूतली दाटी बाहेरच्या क्षेत्राच्या सुमारे तिप्पट राहते आणि त्याखाली जात नाही. दाटी थांबली की दाबही थांबतो आणि पोकळीतले क्षेत्रही.

आता तोच धातू वेगळ्या पद्धतीने मांडू. १ मिलिमीटर भिंतीचा एक गोल १० सेंटिमीटर त्रिज्येचा आणि तेवढ्याच भिंतीचा दुसरा १५ सेंटिमीटर त्रिज्येचा. लहान गोल मोठ्याच्या मधोमध, कुठेही न टेकता. एकटा मोठा गोल क्षेत्र सुमारे ८८ पट कमी करतो. त्याच्या पोकळीत जे क्षेत्र उरते, तेच लहान गोलाच्या दृष्टीने बाहेरचे क्षेत्र. लहान गोल ते पुन्हा वळवतो. दोघांचे परिणाम मिळवले जात नाहीत, गुणले जातात, आणि मधले अंतर मर्यादित असल्याने होणारी घट धरूनही सुमारे आठ हजार पट संरक्षण मिळते. ४० मायक्रोटेस्लाचे आत ५ नॅनोटेस्ला उरतात. दोन्ही गोलांचे वजन मिळून साडेतीन किलोच्या आसपास. २५५ किलोच्या भिंतीला न जमलेले काम साडेतीन किलोत होते, ते मधल्या हवेमुळे. दोन गोल चिकटवून ठेवले तर रेषा एकातून दुसऱ्यात सरळ उतरतील आणि दोन्ही मिळून एकच, किंचित जाड भिंत होईल. बर्लिनच्या खोलीला सात थर का, हे आता उघड आहे.

म्हणजे जाडीला काहीच अर्थ नाही, असे मात्र नाही. प्रत्येक धातू ठरावीक दाटीपर्यंतच रेषा सामावून घेतो. त्यापुढे तो संपृक्त होतो, त्याची पारगम्यता कोसळते आणि रेषा थेट पोकळीत शिरतात. म्यू-मेटलची ही मर्यादा पाऊण टेस्लाच्या आसपास आहे, लोखंडाची दोन टेस्लाहून थोडी जास्त. आपल्या १ मिलिमीटरच्या लहान गोलात पृथ्वीच्या क्षेत्राने जेमतेम ६ मिलिटेस्ला दाटी होते, तेव्हा चिंता नाही. पण त्याच गोलाशेजारी मोठे चुंबक आणून बाहेरचे क्षेत्र ५ मिलिटेस्लापर्यंत नेले, तर भिंतीतली दाटी थेट पाऊण टेस्लाला भिडते आणि कवच निकामी होते. म्हणून तीव्र क्षेत्राजवळ बाहेरची भिंत जाड लोखंडाची करतात. ती मोठा भार उचलते, आणि तिच्यातून जे उरते त्यासाठी आत पातळ म्यू-मेटल असते. हा क्रम उलटा केला तर महाग धातू आधी संपृक्त होऊन वाया जातो.

कवच हा रेषांचा मार्ग आहे हे एकदा पटले, की त्यातल्या चुका कुठे शोधायच्या तेही कळते. मार्गाला आडवी आलेली ०.१ मिलिमीटरची फट घ्या. २० हजार पारगम्यतेच्या धातूत एवढी हवा ओलांडणे म्हणजे २ मीटर धातू ओलांडण्याइतके अवघड. आपल्या लहान गोलात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची भिंतीतली वाटच मुळी ३१ सेंटिमीटरची आहे. म्हणून पत्रे कडेला कड लावून जोडत नाहीत, एकावर एक चढवून घट्ट दाबतात. तार किंवा हवेसाठी भोक ठेवावेच लागले, तर त्याला त्याच धातूची नळी बसवतात, कारण नळीत शिरलेले क्षेत्र तिच्या व्यासाच्या काही पट अंतरात विरून जाते.

दुसरी चूक डोळ्यांना दिसत नाही. म्यू-मेटलची पारगम्यता त्याच्या स्फटिकरचनेवर अवलंबून असते. पत्रा वाकवला, भोक पाडले किंवा तो जमिनीवर जोरात आपटला, तर ती रचना बिघडते. म्हणून आधी सगळे कापणे-वाकवणे पूर्ण करतात, मग वस्तू हायड्रोजनच्या भट्टीत ११०० अंश सेल्सिअसच्या वर काही तास तापवून सावकाश थंड करतात आणि त्यानंतर तिच्यावर घाव घालत नाहीत. भट्टी वगळलेले कवच दिसायला तसेच दिसते, पण काम करत नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे धातूत मागे राहिलेले स्वतःचे चुंबकत्व. जवळ चुंबक येऊन गेले तरी ते राहते, आणि मग आतले क्षेत्र बाहेरून नव्हे, भिंतीतूनच येत असते. हे ओळखायची युक्ती सोपी आहे. संवेदक कवचाच्या आत स्थिर बसवून दोन्ही मिळून अर्धे फिरवायचे. बाहेरचे क्षेत्र गळत असेल तर संवेदकाचे वाचन उलटते. भिंतीचे स्वतःचे चुंबकत्व असेल तर ते तसेच राहते, कारण ते भिंतीबरोबर फिरते. मग भिंतीभोवती गुंडाळलेल्या तारेतून मोठा प्रत्यावर्ती प्रवाह सोडून तो हळूहळू शून्यावर आणतात. अचानक बंद केला तर नवेच चुंबकत्व मागे राहते.

झपाट्याने बदलणाऱ्या क्षेत्रांसाठी मात्र ॲल्युमिनियमही उपयोगी ठरते, कारण त्यात निर्माण होणारे भोवरे-प्रवाह बदलाला विरोध करतात. बर्लिनच्या खोलीत म्यू-मेटलच्या थरांबरोबर ॲल्युमिनियमचाही एक थर आहे तो याचसाठी. जितका बदल सावकाश, तितका तो थर दुबळा, आणि अगदी स्थिर क्षेत्रासमोर तो काहीच करत नाही.

तेव्हा कोणी चुंबकीय कवच विकत घ्यायला किंवा बनवायला निघाले, तर भिंत किती जाड हा त्याचा शेवटचा प्रश्न असावा. बाहेरचे क्षेत्र किती, या जाडीत धातू संपृक्त होतो का, थर किती आणि त्यांत हवा किती, सांधे कसे जोडले आणि आकार दिल्यानंतर भट्टी झाली का, हे आधी विचारावे. यांची उत्तरे पटली तर साडेतीन किलो धातू पुरतो. नाही पटली तर अडीचशे किलोही अपुरा पडतो.