दोन वर्षांचे मूल लोळण घेते तेव्हा

मूल जमिनीवर लोळण घेऊन हातपाय आपटू लागले की घरात दोनच निदाने होतात. एक तर ते लाडाने बिघडले, नाही तर त्याला कोणाची नजर लागली. दीड ते चार वर्षांच्या मुलात खरे कारण बहुधा निराळेच असते. राग तान्ह्या मुलालाही येतो. पण तो आवरण्याचे काम मेंदूच्या कपाळामागील भागाकडे आहे आणि हा भाग सर्वांत सावकाश पक्व होतो. त्याची वाढ विशीनंतरही चालू असते. त्यातच हवे ते सांगायला मुलाजवळ शब्द अपुरे असतात.

चोरखमारा येथील एक आजी सव्वादोन वर्षांच्या नातवाला घेऊन माझ्याकडे आल्या. "डॉक्टरसाहेब, हा बाजारात भुईवर पडून बोंबलते. बिस्कीट दिलं का चूप होते," त्या म्हणाल्या. मी त्यांना आठवडाभर फक्त वेळ लक्षात ठेवायला सांगितले. प्रकार बहुतेक दुपारीच घडत होता, म्हणजे झोप चुकलेली आणि जेवण लांबलेले असताना. दमलेल्या, भुकेल्या मुलाचा आधीच कच्चा असलेला ताबा तेव्हा पूर्ण सुटतो. बिस्किटाने मात्र ते शिकते, की लोळले की मिळते.

अमेरिकेतील मायकेल पोटेगल व सहकाऱ्यांनी 2003 मध्ये अशा प्रसंगांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात चारांपैकी तीन प्रसंग पाच मिनिटांच्या आत संपलेले आढळले. राग सुरुवातीलाच झपाट्याने चढतो आणि उतरतो, रडण्यातले दुःख मात्र शेवटपर्यंत टिकते. म्हणून किंचाळणे चालू असताना समजावणे, दटावणे वा मारणे व्यर्थ जाते. दगड, चूल, विहीर यांपासून मुलाला दूर घ्यावे आणि न बोलता जवळ बसावे. किंचाळण्याचे हुंदके झाले की मूल स्वतःच कुशीत येते. तेव्हा "तुला राग आला होता ना?" एवढेच म्हणावे. रागाला नाव मिळाले, की पुढे तो शब्दांत सांगता येतो. मागितलेली वस्तू मात्र त्या वेळी देऊ नये.

आजींनी आधी जेवण व झोप, मग बाजार असा क्रम ठेवला. हट्ट थांबला नाही, पण रोजचा प्रकार आठवड्यातून एकदा-दोनदावर आला.

काही लक्षणे मात्र डॉक्टरांना दाखवावीत. प्रत्येक वेळी पंचवीस मिनिटांहून अधिक चालणे, स्वतःला चावणे वा डोके आपटून इजा करणे, दिवसातून पाच-पाच वेळा होणे, ही ती लक्षणे. रडताना श्वास अडकून मूल निळे पडत असेल तर रक्तातील लोह तपासावे. दोन वर्षांनंतरही दोन शब्द जोडता येत नसतील, तर आधी कान तपासून घ्यावेत.