क्लिप, इंटरसेक्ट की एक्स्ट्रॅक्ट? तापी-पांझरेच्या नकाशावरून समजून घेऊ

भूगोलाच्या प्रकल्पासाठी क्यूजीआयएस वापरणाऱ्या शिक्षकांना आणि घरी मुलांना मदत करणाऱ्या पालकांना एक शंका हमखास येते. क्लिप केलं काय, इंटरसेक्ट केलं काय आणि एक्स्ट्रॅक्ट केलं काय, पडद्यावर चित्र जवळजवळ सारखंच दिसतं. मग तीन वेगळी साधनं कशाला? याचं उत्तर चित्रात सापडत नाही. ते थराच्या मागे असलेल्या तक्त्यात सापडतं. म्हणून हा लेख वाचताना तक्ता उघडा ठेवा.

आपण धुळे जिल्हा घेऊ. तालुके चारच आहेत: साक्री, धुळे, शिंदखेडा आणि शिरपूर. त्यामुळे तक्ता लहान राहतो आणि मुलांना एका नजरेत दिसतो. आपल्याकडे तीन थर आहेत असं धरा. पहिला नद्यांचा (रेषा), दुसरा तालुक्यांचा आणि तिसरा गावांच्या हद्दींचा (हे दोन्ही बहुभुज). नद्यांच्या तक्त्यात नाव आणि `lambi_km` असे दोन रकाने आहेत. तापीच्या ओळीत ७२४ लिहिलं आहे. मध्य प्रदेशातल्या मुलताईपासून समुद्रापर्यंत तिची पूर्ण लांबी तेवढी आहे.

आता `Clip` चालवा. वरच्या चौकटीत नद्या, खालच्या चौकटीत धुळे जिल्ह्याची हद्द. वरचा थर कापला जातो, खालचा फक्त कात्रीचं काम करतो. कात्रीवर काय लिहिलंय ते कापडावर उमटत नाही, तसंच इथे जिल्ह्याच्या तक्त्यातलं काहीही निकालात येत नाही. जिल्ह्याबाहेरची तापी गेली, आतली राहिली. पण तक्ता उघडला की तापीसमोर अजूनही ७२४ दिसेल! क्लिपने रेषा कापली, रकान्यातला आकडा मात्र तसाच उतरवून घेतला. तो कुणीतरी पूर्वी टाइप केलेला आकडा आहे, रेषा लहान झाल्याचं त्याला कळत नाही. म्हणून कापल्यानंतर लांबी नव्याने काढायची. फील्ड कॅल्क्युलेटरमध्ये नवा रकाना करून त्यात हे सूत्र टाका:

```
$length / 1000
```

प्रकल्पाच्या सेटिंगमध्ये लांबीचं एकक मीटर असेल तर उत्तर किलोमीटरमध्ये येतं. रकान्याचा प्रकार दशांश असलेला निवडा, नाहीतर अपूर्णांक गळून पडेल.

प्रश्न "धुळे जिल्ह्यात कोणत्या नद्या आहेत, त्यांचा नकाशा दाखवा" एवढाच असेल तर क्लिप पुरे. "पांझरा कोणत्या तालुक्यातून किती किलोमीटर वाहते?" असं विचारलं की क्लिपचं काम संपतं, कारण तुकड्यावर तालुक्याचं नावच नाही. इथे `Intersection` लागतं. वरच्या चौकटीत नद्या, खालच्या चौकटीत तालुके. आता पांझरा प्रत्येक तालुका-सीमेवर तुटते आणि प्रत्येक तुकड्याला दोन्हीकडची माहिती चिकटते: नदीचं नाव एका रकान्यात, तालुक्याचं दुसऱ्या. साक्रीकडून आलेली पांझरा धुळे शहरातून पुढे जाते आणि शिंदखेडा तालुक्यात मुडावदजवळ तापीला मिळते. त्यामुळे तिच्या ओळी तीन होतात: साक्री, धुळे, शिंदखेडा. शिरपूरची ओळ शून्य लांबीने येत नाही, ती येतच नाही. मुलं "एक तालुका गायब झाला" म्हणतील तेव्हा हे सांगा.

शिवेवरच्या शेताचं उदाहरण खेड्यातल्या मुलांना पटकन समजतं. जमीन दोन गावांत पसरलेली असेल तर दोन्ही गावांचे सातबारे वेगळे, मालकाचं नाव मात्र दोन्हीकडे तेच.

जुना लांबीचा रकाना मात्र इथे क्लिपपेक्षाही जास्त फसवतो. तापी शिरपूर आणि शिंदखेडा या दोन्ही तालुक्यांच्या ओळीत येईल आणि दोन्हीकडे ७२४ असेल. एखाद्या विद्यार्थ्याने बेरीज केली तर १,४४८. तापीच्या पूर्ण लांबीच्या दुप्पट तापी एकट्या धुळे जिल्ह्यात! तेव्हा इंटरसेक्टनंतर लांबी आधी नव्याने काढा, बेरीज नंतर.

तापीची आणखी एक गोम आहे. धुळे जिल्ह्यात ती शिरपूर आणि शिंदखेड्याच्या मधून, साधारण सीमेवरूनच वाहते. जळगाव जिल्ह्यात चोपडा आणि अमळनेर यांच्यामध्येही तसंच. नदीची रेषा एका ठिकाणाहून घेतलेली आणि तालुक्याची हद्द दुसऱ्या ठिकाणाहून, त्यामुळे दोन्ही तंतोतंत एकावर एक बसत नाहीत. कुठे नदी सीमेच्या उत्तरेला सरकते, कुठे दक्षिणेला. इंटरसेक्ट प्रामाणिकपणे तिचे बारीक बारीक तुकडे करून आलटून पालटून दोन तालुक्यांना वाटतं. तक्त्यात हे दिसत नाही, कारण एका तालुक्यातले सगळे तुकडे एकाच ओळीत बांधलेले असतात. `Multipart to singleparts` चालवा. दोन ओळींच्या एकदम डझनावारी ओळी झाल्या तर समजा की ती वाटणी खरी नाही. अशा वेळी मी तरी तालुकानिहाय आकडा देणार नाही. "सामाईक सीमेवरची नदी" असं लिहून एकच लांबी द्यावी, हे जास्त खरं.

आता तिसरं साधन, `Extract by location`. यात काही कापलंच जात नाही. एक्स्ट्रॅक्ट म्हणजे उतारा, आणि काम अगदी तेच: अटीत बसणाऱ्या ओळी अख्ख्या उचलून नव्या थरात उतरवायच्या. अक्कलपाडा धरणातून पांझरेत पाणी सोडायचं असेल तेव्हा काठावरच्या गावांची यादी लागते. नदीभोवती एक किलोमीटरचा पट्टा म्हणजे बफर काढा आणि गावांचा थर त्या पट्ट्याने क्लिप करून पाहा. गावाचा एक कोपरा उरेल आणि त्या कोपऱ्यासमोर अख्ख्या गावाची लोकसंख्या लिहिलेली असेल. इशारा तर अख्ख्या गावाला द्यायचा असतो. म्हणून इथे एक्स्ट्रॅक्ट घ्या, अट `intersect` ठेवा. गावं पूर्ण आकारात येतात आणि लोकसंख्येचा आकडा खरा राहतो. (अटीचं नाव `intersect` असलं तरी इथे ती फक्त "भिडतात का?" एवढंच विचारते. नावांचा हा घोळ मुलांना आधीच सांगून टाका.)

पण हीच अट लावून शिरपूर तालुक्यातली गावं काढली तर शेजारच्या शिंदखेड्यातली काही गावंही येतील, कारण सीमेला नुसतं टेकणंही त्या अटीत बसतं. `are within` लावलं तर उलट होतं. हद्दी केसभर जरी हलल्या असल्या तरी शिरपूरची स्वतःची सीमेवरची गावं गळतात. गावांच्या तक्त्यात तालुक्याचं नाव असेल तर जागेची अट सोडा आणि `Extract by attribute` वापरा. नाव नसेल तर गावांचे मध्यबिंदू काढून ते तालुक्यात आहेत का, हे पाहा.

वर्गात तिन्ही साधनं एकाच थरावर चालवून घ्या आणि दर वेळी दोनच गोष्टी वहीत लिहायला सांगा: ओळी किती झाल्या आणि रकाने किती झाले. क्लिपमध्ये रकाने तेवढेच, आकार कापलेले. इंटरसेक्टमध्ये रकाने वाढलेले, ओळीही बहुधा वाढलेल्या. एक्स्ट्रॅक्टमध्ये रकाने तेवढेच, आकार अख्खे, फक्त ओळी कमी. क्लिप किंवा इंटरसेक्ट मध्येच थांबलं आणि लाल अक्षरात `invalid geometry` आलं तर एखादी हद्द स्वतःलाच छेदत असते. `Fix geometries` चालवून मिळालेला थर घ्या आणि पुन्हा सुरू करा.