हळद थेट कंपनीला विकायचीय? पहिला निरोप ई-मेलवर, व्हॉट्सॲपवर की लिंक्डइनवर?

हिंगोली : हळद मोंढ्यात नेण्याऐवजी थेट मसाला कंपनीला द्यावी, असा विचार अनेक शेतकरी गट करतात. कंपनीची वेबसाइट सापडते, त्यावर एखादा नंबरही मिळतो. मग व्हॉट्सॲपवर ढिगाऱ्याचे चार फोटो आणि ‘भाव काय द्याल?’ एवढाच मेसेज जातो. उत्तर येत नाही. बऱ्याचदा माल चांगला असतो, पण निरोपाची वाट चुकलेली असते.

समजा, वसमत तालुक्यातल्या एका गटाकडे सेलम जातीची १०० क्विंटल कांडी आहे आणि ती पुण्यातल्या एका मसाला कंपनीला द्यायची आहे. ओळख कुणाचीच नाही. अशा वेळी तिन्ही साधनांचं काम वेगवेगळं आहे.

लिंक्डइन : माणूस शोधायला

लिंक्डइनवर नोकरदार माणसं आपली कंपनी आणि पद लिहून ठेवतात. तिथे कंपनीचं पान उघडून ‘People’ मध्ये गेलं की खरेदी कोण पाहतं ते बहुतेक वेळा कळतं. त्यासाठी पदात ‘Procurement’ किंवा ‘Purchase’ हा शब्द शोधावा. विनंती पाठवताना सोबत छोटी चिठ्ठी जोडता येते. मात्र फुकटच्या खात्यावर अशा चिठ्ठ्या महिन्याला मोजक्याच पाठवता येतात आणि त्यात दोन-तीन ओळींपेक्षा जास्त मजकूर मावत नाही. म्हणून तिथे भाव विचारू नये. ‘वसमतहून १०० क्विंटल सेलम कांडी आहे, माहिती कोणत्या मेलवर पाठवू?’ एवढंच विचारावं. अनेक जण हे ॲप आठवड्यातून एखाद्या वेळीच उघडतात. त्यामुळे आठ दिवस उत्तर आलं नाही, तर वेबसाइटवरच्या मेलवर लिहावं.

ई-मेल : प्रस्ताव द्यायला

मोठी कंपनी एका माणसाच्या हो म्हणण्यावर माल घेत नाही. खरेदीवाला मेल पुढे प्रयोगशाळेला आणि हिशेब विभागाला पाठवतो. व्हॉट्सॲपवरचा फोटो त्याच्या फोनमध्येच अडकून पडतो. म्हणून अनोळखी कंपनीला पहिला प्रस्ताव मेलनेच द्यावा.

विषयाच्या ओळीतच सगळं यावं : ‘सेलम हळद कांडी, १०० क्विंटल, वसमत – नमुना पाठवण्याबाबत’. विषय रिकामा असला किंवा नुसतं ‘नमस्कार’ असलं तर मेल उघडलाच जात नाही. आत पाच गोष्टी पुरेत : गटाचं नाव आणि गाव, माल किती, पॉलिश केलेला की बिगरपॉलिश, तपासणी अहवालातलं कुरकुमीन व ओलावा, आणि फोन नंबर. अहवाल पीडीएफमध्ये जोडावा. भाव नमुना पाहिल्यावर ठरतो. त्यामुळे शेवटी ‘नमुना कोणत्या पत्त्यावर पाठवू?’ हा एकच प्रश्न ठेवावा. त्याचं उत्तर देणं समोरच्याला सोपं जातं. कंपनी परराज्यातली असेल तर मेल हिंदीत किंवा इंग्रजीत लिहावा.

मेल पाठवल्यावर ‘Mail Delivery Subsystem’ कडून निरोप आला, तर बहुतेक वेळा पत्ता चुकलेला असतो. तो तपासून पुन्हा पाठवावा. तसा निरोप नाही आणि उत्तरही नाही, तर चार-पाच कामाच्या दिवसांनी त्याच मेलखाली दोन ओळींची आठवण द्यावी. आपला स्पॅम फोल्डरही बघावा, कधी उत्तर तिथे जाऊन पडतं.

व्हॉट्सॲप : ओळख झाल्यावर

अनोळखी नंबरवरून मेसेज आला की समोरच्याला ‘Block’ आणि ‘Report’ हे पर्याय दिसतात. एकच मजकूर पन्नास व्यापाऱ्यांना धाडला आणि बऱ्याच जणांनी तक्रार केली, तर नंबर बंदही होऊ शकतो. साधा पाठवलेला फोटो दबून जातो आणि हळदीचा खरा रंग नीट दिसत नाही.

पण तीन ठिकाणी व्हॉट्सॲपच योग्य : मोंढ्यातला ओळखीचा आडत्या, कुणी नाव सांगून दिलेला नंबर, आणि जाहिरातीत कंपनीनेच खरेदीसाठी छापलेला नंबर. तिथेही पहिल्या ओळीत नाव, गाव आणि नंबर कुणी दिला ते सांगावं. दिवसभर एकच टिक दिसली तर मेसेज पोचलेला नाही. फोन बंद असेल, नेट नसेल किंवा आपल्याला ब्लॉक केलं असेल. दोन टिक आल्या म्हणजे पोचला. टिक निळ्या झाल्या नाहीत म्हणून वाचलाच नाही, असं मात्र धरू नये. ती खूण बंद ठेवता येते.

मेलला उत्तर आलं की गाडी कधी येणार, वजन कुठे करायचं, ही रोजची बोलणी व्हॉट्सॲपवर करावीत. भाव, वजन आणि पैसे देण्याची मुदत मात्र मेलवर लिहून घ्यावी.

उत्तर आलं तरी आधी तपासा

मेलचा पत्ता कंपनीच्या वेबसाइटच्या नावाचाच आहे का, ते पाहावं. जीएसटी क्रमांक मागून services.gst.gov.in वर टाकला की कंपनीचं नोंदणीकृत नाव फुकटात दिसतं. आणि माल घेण्याआधीच ‘नोंदणी फी’ किंवा ‘अनामत’ मागणारा खरेदीदार असेल, तर बोलणं तिथेच थांबवावं.