माणूस गेला, सावली राहिली

संध्याकाळी ओहोटीच्या वेळी जुहूच्या ओल्या वाळूवर काढलेला एखादा फोटो घ्या. मागून जाणारा एक अनोळखी माणूस त्यात आला आहे. फोनमध्ये त्याच्यावर बोट टेकवलं की तो गायब होतो. पण त्याची लांब सावली आणि पाण्याच्या पातळ थरातलं उलटं प्रतिबिंब पुष्कळदा तिथेच राहतं.

बोट टेकवल्यावर नेमकं काय होतं, हे ‘मेटा’ने २०२३ मध्ये खुल्या केलेल्या ‘सेगमेंट एनीथिंग’ या मॉडेलवरून नीट कळतं. फोटो आधी १०२४ पिक्सेलांपर्यंत लहान केला जातो आणि त्याचे १६ बाय १६ पिक्सेलांचे चौकोन पाडले जातात. प्रत्येक चौकोनात काय आहे आणि आजूबाजूच्या चौकोनांशी ते किती जुळतं, याची आकड्यांतली नोंद तयार होते. मग बोटाखालच्या ठिकाणाशी एकजीव वाटणारा भाग कुठवर पसरला आहे, ते मॉडेल ठरवतं. शर्टवर बोट ठेवलं तर तुम्हाला शर्ट हवा आहे की माणूस? हे त्याला कळायला मार्ग नाही. म्हणून ते तीन वेगवेगळे आकार काढतं, प्रत्येकाला स्वतःच गुण देतं आणि सहसा जास्त गुणांचा आकार पुढे येतो.

सावलीचा घोळ इथेच होतो. हे मॉडेल एक अब्जाहून अधिक आकारांवर शिकलं, पण त्या आकारांना नावं नव्हती. कडा ठळक, आतला रंग एकसारखा, म्हणजे एक वस्तू, एवढंच त्याच्या हाती लागलं. मावळतीच्या उन्हातली सावली या कसोटीला सहज उतरते. सूर्य कुठे आहे आणि त्याच्या वाटेत कोण उभं आहे, हा हिशेब ते करतच नाही. प्रतिबिंब तर आणखी फसवं, कारण त्याला डोकं, हात, शर्टाचा रंग सगळं असतं. मॉडेलच्या लेखी तो पायाला पाय लावून उभा असलेला दुसरा माणूस. कधी दोघांचा मिळून एकच आकार होतो, कधी पाऊल अर्धं कापलं जातं.

खरी गंमत पुढच्या पायरीला होते. रिकामी जागा भरणारं मॉडेल वेगळं असतं. त्याला वाळूवर सावली दिसते आणि सावलीच्या टोकाला काहीतरी असणारच, असं त्याच्या शिकण्यात पक्कं बसलेलं असतं. म्हणून पुसलेल्या जागी कधी एखादा खांब उगवतो, कधी धूसर आकृती. असं दिसलं तर माणूस पुन्हा पुन्हा पुसण्यात अर्थ नाही. मागे जाऊन सावली आणि प्रतिबिंबही ब्रशने निवडावं, कडेची थोडी वाळू घेऊन, आणि तिन्ही एकदमच काढावीत.

२०२४ मध्ये गूगलच्या संशोधकांनी ‘ऑब्जेक्टड्रॉप’मध्ये वेगळी वाट धरली. कॅमेरा न हलवता वस्तू असताना एक फोटो, ती उचलून दुसरा, अशा खऱ्या जोड्यांवर त्यांनी मॉडेल शिकवलं. वस्तूबरोबर आणखी काय काय जातं, हे त्या दोन फोटोंच्या फरकातच दिसतं. अडचण एवढीच की अशा जोड्या हातानेच जमवाव्या लागतात, आणि माणसांनी भरलेला किनारा दोन फोटोंमध्ये तसाच थांबत नाही.