एकच तुकडा, चार आकार! ठरलेली घडी नसलेले प्रथिन काम कसे करते?

प्रथिनाचे काम त्याच्या आकारावर ठरते, असे आपण शाळेत शिकलो. कुलपात किल्ली बसावी तसे एन्झाइम नेमका रेणू पकडते, ही उपमा एमिल फिशर यांनी १८९४ मध्ये दिली. पण आपल्या पेशींतील अनेक प्रथिनांचे काही भाग एका ठरावीक घडीत बसतच नाहीत. उकळत्या पाण्यातल्या शेवयांसारखे ते सतत हलत असतात. तरीही ते काम करतात. कसे, ते पी-५३ या प्रथिनाच्या उदाहरणातून पाहू.

पी-५३ काय करते?

पेशीतला डीएनए बिघडला की पी-५३ तिचे विभाजन थांबवते किंवा तिला मरायला लावते. त्यामुळे कर्करोगाला आळा बसतो. ही ३९३ अमिनो आम्लांची साखळी आहे. डीएनए पकडणारा तिचा मधला भाग घट्ट घडीचा असतो, पण दोन्ही टोके मोकळी असतात.

टोकांची घडी का पडत नाही?

पाण्यापासून दूर पळणारी अमिनो आम्ले आत दडतात, तेव्हा साखळीची घडी पडते. या टोकांमध्ये तशी आम्ले कमी आहेत. क्ष-किरणांनी स्फटिकाचे चित्र काढले, तर असा भाग त्यात दिसतच नाही, कारण प्रत्येक रेणूत तो वेगळ्या जागी असतो.

मग काम कसे होते?

जोडीदार भेटला की आकार येतो. शेवटच्या टोकातला एक छोटा तुकडा एस-१००बी या प्रथिनाला चिकटताना स्प्रिंगसारखा वळतो. सरट्युइनला चिकटताना तोच तुकडा सरळ पट्टी होतो. सीबीपी आणि सायक्लिन-ए यांच्याशी जुळताना त्याची वळणे आणखी वेगळी असतात. म्हणजे एकाच तुकड्यावर चार जोडीदारांचे काम भागते. शिवाय आकार घेण्यात ऊर्जा खर्च होत असल्याने अशी पकड अनेकदा सैल असते आणि काम झाले की सुटते.

औषधासाठी अडचण कोणती?

औषधाचा रेणू बसायला खाच लागते आणि हलत्या टोकात ती नसते. संशोधकांनी म्हणून जोडीदाराकडे पाहिले. एमडीएम-२ हे प्रथिन पी-५३ च्या सुरुवातीच्या टोकाला पकडून त्याला नष्ट करवते. पकडताना ते टोक स्प्रिंग बनते आणि त्याची तीन अमिनो आम्ले एमडीएम-२ च्या खोल खाचेत रुततात. ती खाच आधीच अडवणारे ‘नटलिन’ रेणू २००४ मध्ये जाहीर झाले.

मात्र याला मर्यादा आहे. सुमारे निम्म्या कर्करोगांमध्ये पी-५३ चे जनुकच बिघडलेले असते. तिथे एमडीएम-२ ला दूर ठेवले, तरी वाचते ते सहसा निकामी पी-५३. म्हणून हा उपाय लागू पडावा यासाठी गाठीतले पी-५३ शाबूत आहे का, हे आधी तपासावे लागते.