टक्कर आणि तुटणे यांमधला अवधी

सायक्लोप्रोपेनचा रेणू म्हणजे तीन कार्बन अणूंचे कडे. एकेकाळी शस्त्रक्रियेत भूल देण्यासाठी हा वायू वापरत. तो चटकन पेट घेतो, म्हणून मागे पडला. बंद भांड्यात त्याला ४९० अंश सेल्सिअसला ठेवले, की कडे उघडून प्रोपीन होते. साधारण अर्ध्या तासात निम्मा वायू बदलतो, पुढच्या अर्ध्या तासात उरलेल्याचा निम्मा. दाब पुरेसा असेल, तर वायू दुप्पट भरला तरी हा अवधी तोच राहतो. ही प्रथम कोटीची अभिक्रिया. जणू प्रत्येक रेणू शेजाऱ्यांची दखल न घेता आपल्या मर्जीने तुटतो.

पण कडे तोडायला मोलमागे सुमारे २७२ किलोजूल ऊर्जा हवी. ती टकरींतून मिळते म्हणावे, तर टकरीला दोन रेणू लागतात. मग दाब दुप्पट केल्यावर वेग चौपट व्हायला हवा. या पेचातून सुटण्यासाठी ज्याँ पेरँ यांनी ऊर्जा भांड्याच्या भिंतींतून येणाऱ्या प्रारणातून मिळते, असे मांडले.

१९२१ साली फ्रेडरिक लिंडेमन यांनी (हेच पुढे चर्चिल यांचे वैज्ञानिक सल्लागार झाले) टकरींनाच पुन्हा मान दिला. त्यांचे म्हणणे एवढेच, की जोराची टक्कर बसली तरी रेणू लगेच तुटत नाही. सायक्लोप्रोपेनमध्ये कंपनाचे २१ प्रकार आहेत. मिळालेली ऊर्जा त्यांत विखुरते आणि नेमक्या बंधात गोळा व्हायला वेळ लागतो.

त्या वेळात काय घडते, ते गर्दीवर ठरते. वातावरणाच्या दाबाला रेणूला सेकंदाला अब्जावधी टकरा बसतात. उत्तेजित रेणूंपैकी बहुतेकांची ऊर्जा पुढची टक्कर काढून घेते. देणाऱ्या आणि घेणाऱ्या टकरी दोन्ही दाबाबरोबर वाढत असल्याने उत्तेजित रेणूंचे शेकडा प्रमाण कायम राहते; त्यांतले मोजके तुटतात. वेग म्हणून प्रथम कोटीचा. दाब फार उतरवला, की पुढची टक्कर येण्याआधीच उत्तेजित रेणू तुटून मोकळा होतो. आता उत्तेजित करणारी टक्करच अडसर ठरते आणि वेग दाबाच्या वर्गानुसार बदलतो: द्वितीय कोटी.

प्रिचर्ड, सोडेन आणि ट्रॉटमन-डिकेन्सन यांनी १९५३ मध्ये हेच सायक्लोप्रोपेन अगदी कमी दाबांपर्यंत तपासले, तेव्हा वेगस्थिरांक घसरत गेलेला दिसला. खरी परीक्षा मात्र वेगळी आहे. अशा विरळ वायूत अभिक्रियेत भाग न घेणारा दुसरा वायू मिसळला, तर घसरलेला वेग पुन्हा चढतो. टकरी कोणाच्या, याला महत्त्व नाही. हेलियमच्या टकरी मात्र मोठ्या रेणूंच्या टकरींपेक्षा कमी परिणामकारक ठरतात. प्रारणाच्या कल्पनेत याला जागाच नाही.

तरीही लिंडेमन यांचे गणित पुरते जुळत नाही. वेगस्थिरांकाचा व्यस्त दाबाच्या व्यस्तासमोर मांडला, तर त्यांच्या सूत्राप्रमाणे सरळ रेषा यावी. प्रत्यक्षात ती वाकते. कारण त्यांनी सगळे उत्तेजित रेणू एकाच वेगाने तुटतात असे धरले होते. गरजेपेक्षा जास्त ऊर्जा मिळालेला रेणू लवकर तुटतो, हा हिशेब नंतर राइस, रॅम्सपर्गर आणि कॅसल यांनी मांडला.