वसाहतीत बिबट्या शिरल्यावर

मुंबईतील संजय गांधी राष्ट्रीय उद्यानालगतच्या वसाहतींत बिबट्या बहुधा रात्री भटक्या कुत्र्यांच्या मागावर येतो आणि वाट मोकळी राहिल्यास आपणहून परततो. म्हणून तो आवारात दिसताच मुलांना घरात घेऊन दारे लावावीत, वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे आणि जंगलाकडची बाजू अडवू नये.

समोरासमोर गाठ पडल्यास पळू किंवा खाली वाकू नये, तर त्याच्याकडे तोंड ठेवून सावकाश मागे सरावे.

खरा धोका तो जिन्यात किंवा वाहनतळात कोंडला गेल्यावर उद्भवतो, कारण दोन्ही टोकांना मोबाइल उंचावलेली माणसे उभी राहिली की सुटकेसाठी त्याला माणसांवरूनच झेप घ्यावी लागते, आणि अशा वेळच्या जखमांना लोक ‘हल्ला’ म्हणतात.

तो खोलीत शिरला असेल आणि आत कोणी नसेल, तर बाहेरूनच दार ओढून कडी लावावी; मात्र त्यासाठी त्याला हुसकू नये.

वनविभागाचे पथक डार्ट, म्हणजे दुरून मारलेली गुंगीच्या औषधाची सुई, वापरते. परंतु गुंगी चढण्यास अनेक मिनिटे लागतात आणि तेवढ्यात बिथरलेला प्राणी धावू शकतो, म्हणून डार्ट लागताच पुढे धावणारे उत्साही बघे पथकाचे काम सर्वाधिक अवघड करतात.